दोनदा कापले गेलेले १८०२ रुपये

मी अमळनेरला एका बँकेत काउंटरला असतो. मे महिन्याच्या शेवटाला कपाशीच्या बियाण्याची खरेदी चालू असते, तेव्हा एक मावशी पोराला घेऊन आल्या. आयुष्यातलं पहिलंच खातं. "भाऊ, मना पैसा कोठे गयात?" दुकानात १८०२ रुपये दिले पण दोनदा कापले गेले, आणि दुकानदार म्हणतो मला एकदाच मिळाले, म्हणजे बँकेनेच खाल्ले असं त्यांचं ठरलेलं होतं.

स्टेटमेंट काढलं तर असं होतं:

```
28/05 UPI/DR/514873920164   1802.00
28/05 UPI/DR/514873920988   1802.00
29/05 UPI/REV/514873920164  1802.00
```

पोराने पहिल्या दोनच ओळी मोबाईलवर बघितल्या होत्या, तिसरी दुसऱ्या दिवशी आली ती बघितलीच नाही. मी पेन घेऊन आधी DR वर गोल केला, म्हणजे नावे, खात्यातून गेले. मग म्हटलं रक्कम सोड, मधला १२ आकडी नंबर वाच. त्याला आरआरएन म्हणतात, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा असतो. पोरगं हुशार, लगेच बोललं पहिला आणि तिसरा सेम आहे. मग झालं ना, पहिला प्रयत्न फसला आणि तेच पैसे REV होऊन परत आले, दुसऱ्या नंबरवाले दुकानदाराला पोचले. दुकानदार खरं बोलत होता!

पहिल्या चार आकड्यांतही बऱ्याचदा तारीख लपलेली असते. ५ म्हणजे २०२५, १४८ म्हणजे वर्षाचा १४८वा दिवस, म्हणजे २८ मे. पासबुकात एंट्री उशिरा पडली तरी व्यवहार कधीचा ते यावरून कळतं.

एक सांगतो, REV हा शब्द सगळ्या बँका असाच छापत नाहीत, आणि दुकानदाराने स्वतःहून पैसे परत केले तर तो नवीन व्यवहार, नंबर जुळत नाही, तिथे रक्कम आणि नाव बघूनच जोडी लावावी लागते. आणि परत आलेच नाहीत तर? दुकानाच्या पेमेंटला व्यवहारानंतर ५ दिवसांत परत यायला पाहिजेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तक्रारीत हाच नंबर द्यायचा, "माझे पैसे गेले" एवढ्याने शोधणाऱ्याला काही सापडत नाही.

मावशींनी मग वरची एक ओळ दाखवली, PMSBY, २० रुपये. हे कोणी घेतले? म्हटलं तो अपघात विम्याचा वर्षाचा हप्ता, खातं उघडताना फॉर्मवर तुमचीच सही आहे, नको असेल तर बंद करून देतो. "किती मियतस?" म्हटलं अपघातात जीव गेला तर घरच्यांना २ लाख. मावशी म्हणाल्या राहू दे, आणि पोराला विचारायला लागल्या की आपल्या बापाचं पण आहे का रे.