तीन लूप लिहिले, बॅटरी राहूनच गेली

"सर, सर्किटमधले लूप तर डोळ्यांना दिसतात. मग आधी ट्री काढा, लिंक मोजा, मॅट्रिक्स भरा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?"

मलाही दिसायचे. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत व्हीटस्टन ब्रिज आला, गॅल्व्हनोमीटरमधला करंट काढायचा होता. मी ऐटीत तीन लूप घेतले: वरचा त्रिकोण, खालचा त्रिकोण आणि बाहेरचा चौकोन. अर्धा तास आकडेमोड केली आणि शेवटी हाती लागलं 0 = 0. वजाबाकी चुकली असेल म्हणून पुन्हा केलं, पुन्हा तेच.

ब्रिज डोळ्यांसमोर आणा. वर नोड अ, डावीकडे ब, उजवीकडे क, खाली ड. रेझिस्टर, बॅटरी सगळं विसरून नुसत्या बाण असलेल्या रेषा काढल्या की झाला ग्राफ. ब्रँच १ अ→ब, २ अ→क, ३ ब→ड, ४ क→ड, ५ ब→क (गॅल्व्हनोमीटर) आणि ६ ड→अ (बॅटरी). आता माझे लूप बघा:

```
v1 + v5 - v2 = 0
v3 - v4 - v5 = 0
v1 + v3 - v4 - v2 = 0
```

पहिल्या दोन ओळींची बेरीज म्हणजेच तिसरी. मी दोनच समीकरणं लिहिली होती आणि त्यांत v6, म्हणजे बॅटरी, कुठेच नव्हती! बॅटरीशिवाय करंट कुठून येणार? पण चित्रात तिन्ही लूप अगदी वेगळे दिसत होते, आणि खरी गोम तिथेच आहे.

ट्री म्हणजे चारही नोड जोडणाऱ्या, पण कुठेही लूप न होऊ देणाऱ्या ब्रँच. चार नोडना तीन लागतात. त्या ट्विग, उरलेल्या लिंक. या ब्रिजचे १६ ट्री निघतात. मी १, ५, ४ घेतो, म्हणजे अ-ब-क-ड अशी सरळ वाट. आता २, ३, ६ यांतली एकच लिंक परत जोडायची की एकच लूप तयार होतो:

```
लिंक २:  v2 - v5 - v1 = 0
लिंक ३:  v3 - v4 - v5 = 0
लिंक ६:  v6 + v1 + v5 + v4 = 0
```

प्रत्येक लिंक फक्त आपल्याच लूपमध्ये येते. त्यामुळे एक ओळ दुसऱ्या ओळींतून निघूच शकत नाही, आणि बॅटरी राहून जायची सोयच उरत नाही.

करंटची बाजू मॅट्रिक्समधून येते. बाण नोडमधून निघाला तर 1, नोडमध्ये शिरला तर -1:

```
      १   २   ३   ४   ५   ६
अ     1   1   0   0   0  -1
ब    -1   0   1   0   1   0
क     0  -1   0   1  -1   0
ड     0   0  -1  -1   0   1
```

प्रत्येक स्तंभाची बेरीज शून्य यायला हवी. नाही आली तर त्या ब्रँचचा बाण चुकलाय. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेरीज शून्य म्हणजे एक ओळ फुकटची, म्हणून ड गाळायची. उरलेल्यांतून १, ५, ४ हे स्तंभ उचलले तर डिटरमिनंट 1 येतो. १, ५, २ उचलले तर 0, कारण तो त्रिकोण आहे, ट्री नव्हे. खरा ट्री असेल तर उत्तर 1 किंवा -1, एरवी 0.

कट-सेटला पोरं उगाच घाबरतात. ट्विग ५ तोडली की ट्रीचे दोन तुकडे पडतात: अ-ब एकीकडे, क-ड दुसरीकडे. या दोघांमधून जाणाऱ्या ब्रँच २, ३, ५, ६, हाच कट-सेट:

```
i5 + i2 + i3 - i6 = 0
```

मॅट्रिक्समधल्या अ आणि ब या ओळींची बेरीज करा, हेच येतं. i1 आपोआप उडतो, कारण ब्रँच १ तुकड्याच्या आतच आहे. आता लूपच्या समीकरणांत v5 ची चिन्हं बघा: -1, -1, 1. कट-सेटमध्ये त्याच लिंकची चिन्हं 1, 1, -1. बरोबर उलटी. दोन्ही हातांनी लिहून ही चिन्हं जुळवून बघणं ही मला ठाऊक असलेली सगळ्यात स्वस्त तपासणी. परीक्षेत दोन मिनिटं जातात.

हल्ली हे सगळं सिम्युलेटर करतो, हे खरं. पण परवाच एकाने ट्रान्सफॉर्मरचं सर्किट आणलं, स्क्रीनवर `singular matrix`. सेकंडरी प्रायमरीला तारेने कुठेच जोडलेली नव्हती, ग्राउंडलाही नाही. ग्राफचे दोन तुकडे, आणि ओळ मात्र एकच गाळलेली. दुसऱ्या तुकड्यातही एक फुकटची ओळ उरलीच होती. सेकंडरीचं एक टोक ग्राउंडला लावलं आणि वेव्हफॉर्म उमटला.