दादरची लॉज, ओआरएसचं पाकीट आणि मेडिकलवाल्याच्या चार गोळ्या

मुंबईत आम्ही काय काय पाहिलं ते आधी एका दमात सांगून टाकते. गेटवेवरून लाँचने घारापुरी, राणीच्या बागेतले पेंग्विन, संध्याकाळी गिरगाव चौपाटी आणि सिद्धिविनायकाची लांबलचक रांग. सगळं छान झालं, गर्दीचा त्रास झाला, लॉज महाग पडली. पण ही पोस्ट त्यासाठी नाही. ती आहे दादरच्या लॉजमधल्या एका रात्रीसाठी आणि कोपऱ्यावरच्या एका मेडिकलमधून आलेल्या चार गोळ्यांसाठी. त्या गोळ्यांचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

मी कराडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून आयुष्य काढलं. जुलाबाचे पेशंट पावसाळ्यात आमच्याकडे रांगेने यायचे. त्यामुळे रात्री दोनच्या सुमारास भावाने दार वाजवून "ताई, रोहनला जुलाब लागलेत, उलटीही झाली" असं सांगितलं तेव्हा घाबरायला झालं नाही. भाचा चोवीस वर्षांचा, धडधाकट. मी गेले तेव्हा भाऊ खालच्या मेडिकलमधून जाऊनही आला होता. हातात कागदाच्या पुडीत कापून दिलेल्या चार गोळ्या आणि संत्र्याच्या चवीचं एक गोड पेय.

गोळ्या उलटून पाहिल्या. ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल, दोन्ही एकाच गोळीत. दुकानदाराने ताप आहे का, शौचात रक्त पडतंय का, वय काय, दुसरी औषधं चालू आहेत का, यातलं काहीच विचारलं नव्हतं. "जुलाब म्हटलं की हीच देतो," एवढंच म्हणाला म्हणे. या जोडगोळीतलं ऑर्निडाझोल अमिबा आणि जिआर्डियासारख्या परजीवींवरचं औषध आहे. प्रवासात अचानक लागणारे जुलाब बहुतेक वेळा जिवाणूंमुळे, काही वेळा विषाणूंमुळे होतात. त्यात त्याचा काही उपयोग नाही. ऑफ्लोक्सासिनच्या गटातल्या औषधांना तर आपल्याकडचे बरेच जिवाणू आता दाद देत नाहीत. शिवाय चारच गोळ्या म्हणजे अर्धवट कोर्स. साधे जुलाब तीन ते पाच दिवसांत आपले आपण थांबतात. मग ते थांबले की श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी माणूस पुन्हा त्याच दुकानात उभा राहतो.

गोळ्या मी बाजूला ठेवल्या आणि रोहनला तपासलं. थर्मामीटर माझ्या पिशवीत कायम असतो, ताप नव्हता. शौचात रक्त किंवा आव पडत नव्हती, नुसतं पाणी. जीभ कोरडी होती. उभं राहिल्यावर थोडं गरगरत होतं, पण भिंत धरावी लागत नव्हती. लघवी रात्री अकराला झाली होती आणि गडद पिवळी होती. म्हणजे शरीरातलं पाणी कमी व्हायला लागलं होतं, पण तोंडाने भरून काढता येईल इतकंच. अशा माणसाला अँटिबायोटिक लागत नाही. पाणी, मीठ आणि साखर लागते, आणि तीही नेमक्या प्रमाणात.

नेमकं म्हणते, कारण चूक इथेच होते. मी ओआरएसचं पाकीट काढलं तर भाऊ स्टीलच्या पेल्यात ते सगळं रिकामं करायला निघाला. त्याचा हात धरला. साधारण एकवीस ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. पेलाभर पाण्यासाठीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते आधी वाचायचं. मोठं पाकीट पेल्यात घातलं तर द्रावण इतकं दाट होतं की आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं. जुलाब वाढतात, रक्तातलं मीठही वाढतं. ते संत्र्याचं पेयही याच कारणाने परत पाठवलं. त्यात साखर भरमसाट आणि मीठ नावाला. अशा गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५च्या ऑक्टोबरात मनाई केली ती याचसाठी. लहान मुलांचे जुलाब अशा पेयांनी चिघळतात.

लॉजच्या मुलाकडून सीलबंद एक लिटरची बाटली घेतली. सील माझ्यासमोर फोडलं, घोटभर पाणीही न सांडता पूर्ण पाकीट आत घातलं आणि पावडर विरघळेपर्यंत बाटली हलवली. उलटी होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, म्हणून लगेच पेला तोंडाला लावू दिला नाही. दहा मिनिटं थांबलो. मग चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. "आत्या, तहान लागलीय, सरळ पिऊ दे ना," असं तो म्हणत होता. पण रिकाम्या चिडलेल्या पोटात एकदम पेलाभर पाणी गेलं की ते परत बाहेर येतं. अर्धा तास उलटी झाली नाही तेव्हा घोट मोठे केले. नंतर हिशेब साधा होता: प्रत्येक जुलाबामागे एक पेला, म्हणजे साधारण दोनशे ते अडीचशे मिली, आणि मधे तहान लागेल तेवढं. पहाटेपर्यंत आणखी चार वेळा झालं आणि बाटली संपली. सकाळी दुसरी बनवली. बनवलेलं द्रावण चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा, आणि शीग न लावता.

नऊ वाजता लघवी झाली आणि रंग फिका होता. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला. जुलाब किती वेळा झाले यापेक्षा लघवी किती वेळाने आणि कोणत्या रंगाची होते यावर मी जास्त विसंबते.

उपास करायला वहिनी सांगत होत्या. मी दहीभात मागवला, दुपारी मऊ मुगाची खिचडी आणि केळं. आतड्याला खाणं मिळालं तर ते लवकर सावरतं. चहा, कोल्ड्रिंक आणि तळलेलं तेवढं बंद.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतले परभणीचे काका जिन्यात भेटले. सत्तरीच्या आसपासचे, चेहरा उतरलेला. त्यांनाही कालपासून जुलाब, आणि मुलाने त्याच दुकानातून जुलाब बंद करायची गोळी आणली होती: लोपेरामाइड. मी विचारलं, "काका, ताप आहे का?" होता. माझ्या थर्मामीटरवर १०२. "शौचात रक्त?" ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "लाल पडतंय, मुलांना सांगितलं नाही." बीपीची गोळी चालू होती, त्यात लघवी वाढवणारं औषधही होतं. म्हणजे शरीरातलं पाणी दोन्हीकडून चाललेलं.

रोहनचं आणि काकांचं दुखणं नावाला एकच, पण उपचार वेगळे. रक्त आणि ताप म्हणजे जिवाणू आतड्याच्या भिंतीत शिरलेत. अशा वेळी लोपेरामाइडने आतडं थांबवलं तर घाण आतच अडकते आणि दुखणं वाढू शकतं. त्यांना मी ती गोळी घेऊ दिली नाही. मुलाला बोलावून सांगितलं, आज आणि आत्ता डॉक्टर. त्यांची पहिली तक्रार होती की परक्या गावात मोठ्या हॉस्पिटलात किती पैसे घेतील. मुंबईत महापालिकेचे 'आपला दवाखाना' आहेत, तिथे तपासणी मोफत होते, आणि साथीच्या आजारांसाठी चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय आहे. ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी शौचाचा नमुना तपासायला घेतला, अॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज एक, तीन दिवस, अशी गोळी दिली आणि जुलाब थांबेपर्यंत बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं तेही लिहून दिलं. असं अँटिबायोटिक मला मान्य आहे: कारण दिसतंय, औषध ठरवून दिलंय, दिवस ठरलेत.

डॉक्टरकडे जायची वेळ आणखीही येते. घेतलेलं पाणीच पोटात टिकत नाही. सहा-आठ तास लघवी होत नाही. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. भाताच्या पेजेसारखं पांढरट पाणी धो धो जातं. तो कॉलरा असू शकतो आणि तिथे तास मोजायची वेळ येते, १०८ला फोन करायचा. लहान मूल, गरोदर बाई, वयस्क माणूस किंवा किडनीचा आजार असलेला, यांच्या बाबतीत मी वाट पाहत बसत नाही. आणि जुलाब दोन आठवडे रेंगाळले तर जिआर्डियाची तपासणी करून मगच ते ऑर्निडाझोलसारखं औषध, जे मेडिकलवाल्याने पहिल्या रात्रीच पुडीत बांधून दिलं होतं.

भाऊ शेवटपर्यंत चौपाटीच्या पाणीपुरीला शिव्या देत होता, कारण ती रोहनने संध्याकाळी खाल्ली होती. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोरात उलट्या सुरू झाल्या तर अन्नातल्या विषाचा संशय घ्यावा. जिवाणूंच्या जुलाबाला मात्र बऱ्याचदा एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे पाणीपुरीइतकाच संशय आदल्या दिवशीच्या बर्फ घातलेल्या उसाच्या रसावर घ्यायला हवा. मुंबईचं बरंचसं पाणी भांडुपला शुद्ध होऊन निघतं, पण पुरवठा दिवसातले काही तासच असतो. बाकी वेळ जुन्या पाइपात दाब नसतो, तेव्हा फटींतून बाहेरचं पाणी आत शिरू शकतं, आणि पुढे इमारतीची टाकी किती स्वच्छ आहे हे कोणाला दिसत नाही. बर्फाचं तर त्याहून वाईट. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम राज्यात २०१८ला आला, पण गाड्यावर किसलेला बर्फ कुठल्या लादीचा हे विचारून उपयोग नाही. तो नकोच म्हणायचं.

परतीच्या दिवशी रोहनचे जुलाब जवळजवळ थांबले होते. गाडीत तासन् तास बसायचं होतं, ताप आणि रक्त दोन्ही नव्हतं, म्हणून लोपेरामाइडच्या दोन मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या त्याला दिल्या. पुढे प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसात चारच्या वर नाही, हेही सांगून ठेवलं. त्याला तिसरी लागली नाही. दादर स्टेशनबाहेर भावाला वडापाव हवा होता. कढईतून समोर निघालेला वडा घेतला, हिरवी चटणी नको म्हणून सांगितलं आणि सुकी लसणाची चटणी मागून घेतली. वडा उकळत्या तेलातून येतो, हिरवी चटणी कच्च्या पाण्यात वाटलेली असते.