ट्रॅकिंग एरर सारखा, मग परतावा वेगळा का?

"इंडेक्स फंडाची फॅक्टशीट उघडली की आकडेच आकडे दिसतात. एक्स्पेन्स रेशो, ट्रॅकिंग एरर, टर्नओव्हर. यातलं नेमकं काय बघायचं?"

हा प्रश्न मला नात्यातले, सोसायटीतले, जुने सहकारी असे सगळेच विचारतात, कारण माझी बरीच नोकरी फंडांच्या एनएव्हीचा, म्हणजे एका युनिटच्या भावाचा, हिशेब ठेवणाऱ्या विभागात झाली. परवा मावसबहिणीने तिच्या निफ्टी 50 इंडेक्स फंडाची फॅक्टशीट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. तीच समोर ठेवून सांगते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

निफ्टी 50 चा फंड असला की पानाचा मोठा भाग सरळ सोडून देता येतो. पहिल्या दहा कंपन्या आणि त्यांचं वजन प्रत्येक निफ्टी 50 फंडात जवळपास तेच असणार. बाजाराबरोबर फंड किती हलतो ते सांगणारा बीटा एकच्या आसपास असणार. फंड मॅनेजरला किती वर्षांचा अनुभव आहे, हे इथे फारसं महत्त्वाचं नाही. या फंडाला एकच काम नेमून दिलेलं आहे: निर्देशांकाला मिळालं तेवढं गुंतवणूकदाराच्या हाती पोचवणं. म्हणून पाहायचं ते एवढंच, की वाटेत किती गळलं.

ताईच्या कागदावर तीन वर्षांचा वार्षिक परतावा असा होता: निर्देशांक 14.20 टक्के, डायरेक्ट प्लॅन 13.90 टक्के, रेग्युलर प्लॅन 13.27 टक्के. डायरेक्ट म्हणजे थेट फंड कंपनीकडून घेतलेला आणि रेग्युलर म्हणजे वितरकामार्फत घेतलेला. एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवण्यासाठी वर्षाला कापला जाणारा खर्च, डायरेक्टचा 0.20 आणि रेग्युलरचा 0.75 टक्के. ट्रॅकिंग एरर मात्र दोन्ही प्लॅनचा अगदी सारखा, 0.03 टक्के. ताईचं म्हणणं होतं, "एरर एवढा कमी आणि दोन्हीकडे तोच, म्हणजे दोन्ही प्लॅन सारखेच चांगले ना?"

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो इथेच.

फंडाचा रोजचा परतावा आणि निर्देशांकाचा रोजचा परतावा यांत जो फरक पडतो, तो दिवसागणिक किती हलतो, हे ट्रॅकिंग एरर मोजतो. फरक किती आहे, हे तो मोजत नाही. गणिताच्या भाषेत सांगायचं तर रोजच्या फरकांचं हे प्रमाण विचलन आहे, वर्षाच्या मापात मांडलेलं. दर किलोमागे वीस ग्रॅम नेमाने कमी मोजणारा वजनकाटा घ्या. त्याच्या मोजण्यात चढउतार काहीच नाही, पण पिशवीत माल कमीच येतो. एखादा फंड रोज अगदी तेवढ्याच अंशाने मागे पडत राहिला, तर त्याचा ट्रॅकिंग एरर शून्य येईल आणि वर्षाअखेर पैसे मात्र कमीच असतील.

डायरेक्ट आणि रेग्युलर यांच्यात नेमकं हेच होतं. पोर्टफोलिओ एकच असतो, तेच शेअर आणि तीच खरेदी-विक्री. फरक असतो तो रोज कापल्या जाणाऱ्या खर्चाचा. वार्षिक टक्केवारीचा एका दिवसाचा वाटा रोजच्या मालमत्तेवर लावला जातो आणि तो वजा करून एनएव्ही जाहीर होते. एक लाखावर 0.20 टक्के म्हणजे वर्षाला 200 रुपये, दिवसाला साधारण 55 पैसे. 0.75 टक्के म्हणजे वर्षाला 750, दिवसाला दोन रुपयांच्या वर. ही रक्कम बिल म्हणून कधी येत नाही आणि खात्यातून वेगळी वजाही होत नाही. ती रोज जवळपास सारखीच कापली जाते, म्हणून दोन्ही प्लॅनचं हलणं सारखं राहतं आणि ट्रॅकिंग एररच्या आकड्यात हा खर्च दिसतच नाही.

तो दिसतो ट्रॅकिंग डिफरन्समध्ये. नावं इतकी सारखी आहेत की वाचताना डोळा फसतो. ट्रॅकिंग डिफरन्स म्हणजे सरळ वजाबाकी: फंडाचा परतावा वजा निर्देशांकाचा परतावा. डायरेक्टमध्ये तो उणे 0.30 आणि रेग्युलरमध्ये उणे 0.93. ट्रॅकिंग एरर दोन्हीकडे 0.03 असताना एक प्लॅन दुसऱ्याच्या तिप्पट मागे आहे.

आता डायरेक्टच्या 0.30 चा हिशेब लावू. एक्स्पेन्स रेशो 0.20 आहे, पण खर्च वाढत जाणाऱ्या रकमेवर कापला जातो, त्यामुळे परताव्यातली घट 0.23 च्या आसपास येते. उरलेले 0.07 कुठे गेले? फंडाला थोडी रोकड हाताशी ठेवावी लागते, आणि बाजार वर जात असताना ती मागे राहते. लाभांशाचंही तसंच. शेअर एक्स-डिव्हिडंड झाला, म्हणजे त्याच्या भावातून जाहीर झालेला लाभांश वगळला गेला, की निर्देशांकाच्या हिशेबात लाभांश लगेच पुन्हा गुंतवला जातो, पण फंडाच्या खात्यात पैसे बऱ्याचदा काही आठवड्यांनी येतात. शिवाय वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीला, निफ्टीतल्या कंपन्या बदलल्या जातात. तेव्हा फंडाला खरोखर विकावं आणि विकत घ्यावं लागतं. निर्देशांक कागदावरचा, त्याला दलाली नाही की कर नाही.

कधीकधी काम खरंच अवघड होतं. 2023 साली रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा निफ्टीत काही आठवडे 51 शेअर होते. 21 ऑगस्टला तो शेअर सूचीबद्ध झाला, पहिल्या दिवसांत लागोपाठ खालच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव पडण्याच्या मर्यादेला, लागला आणि त्याला निर्देशांकातून काढणं पुढे ढकलावं लागलं. सर्किट लागलेलं असताना घेणारे नसतात, त्यामुळे इंडेक्स फंडांना हवं तेव्हा विकता येत नाही. अशा दिवसांत फरक हलतो आणि ट्रॅकिंग एरर वाढतो. त्या आकड्याचा खरा उपयोग तिथे आहे. एरर अचानक फुगला असेल तर फंड रोजच्या कामात कुठेतरी अडखळतोय, असं समजावं. सेबीच्या 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे शेअरांच्या इंडेक्स फंडात तो दोन टक्क्यांच्या आत हवा. निफ्टी 50 साठी ही मर्यादा इतकी सैल आहे की नुसती पाळली म्हणून कौतुक नको. त्याच परिपत्रकाने ट्रॅकिंग डिफरन्सही एक, तीन, पाच, दहा वर्षांसाठी आणि सुरुवातीपासूनचा जाहीर करायला लावला. फॅक्टशीटवर सापडला नाही तर फंड कंपनीच्या किंवा फंड कंपन्यांची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावर मिळतो. माझा आग्रह मात्र वजाबाकी स्वतः करण्याचा असतो.

ती करताना दोन गोष्टी जपाव्या लागतात. निर्देशांकाचा आकडा टीआरआय, म्हणजे लाभांश धरून काढलेला हवा. टीव्हीवर दिसतो तो निफ्टी लाभांश न धरता असतो, आणि निफ्टीत लाभांश वर्षाला साधारण सव्वा टक्का येतो. त्या निफ्टीशी तुलना केली तर मागे पडलेला फंडही पुढे गेल्यासारखा दिसतो. 2018 च्या फेब्रुवारीपासून फंडांना टीआरआयशीच तुलना करणं बंधनकारक झालं, हे फार चांगलं झालं. दुसरी गोष्ट, तक्त्यातला परतावा तुमच्याच प्लॅनचा आहे ना, ते तळटीप वाचून पाहा. बऱ्याचदा मोठ्या तक्त्यात एकच प्लॅन असतो आणि एक्स्पेन्स रेशो मात्र दोन्हींचे दिलेले असतात.

उरला टर्नओव्हर. बारा महिन्यांतली खरेदी आणि विक्री यांतली जी रक्कम लहान असेल ती घ्यायची आणि सरासरी मालमत्तेने भागायची. लहान रक्कम घेण्यामागे कारण आहे. नवे पैसे आले की फंडाला खरेदी करावीच लागते, त्याला उलाढाल म्हणणं बरोबर नाही. काही फॅक्टशीट हा आकडा 0.08 असा पटीत देतात, काही 8 टक्के असा. दोन फंडांची तुलना करण्याआधी हे बघाच, नाहीतर शंभरपटीचा घोळ होईल.

टर्नओव्हरबद्दल परदेशी लेख वाचून बरेच जण घाबरतात. अमेरिकेत फंडाने नफ्यात शेअर विकले की तो नफा वाटला जातो आणि गुंतवणूकदाराला त्या वर्षी कर भरावा लागू शकतो. आपल्याकडे तसं नाही. फंडाने आत कितीही विक्री केली तरी लाभांश न वाटणाऱ्या ग्रोथ पर्यायात कर लागतो तो तुम्ही स्वतः युनिट विकल्यावर. उलाढालीचा खर्च मात्र खरा असतो. डिलिव्हरीच्या खरेदीवर 0.1 टक्का आणि विक्रीवर 0.1 टक्का एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, लागतो. टर्नओव्हर दीडशे टक्के असेल तर नुसता एसटीटीच वर्षाला 0.30 टक्क्यांवर जातो. मोठ्या ऑर्डरमुळे भाव आपल्याविरुद्ध सरकतो, तो तोटा तर कोणत्याच रकान्यात लिहिलेला नसतो. पण हे सगळं वजा होऊनच एनएव्ही ठरते, म्हणजे तुम्ही केलेल्या वजाबाकीत ते आधीच आलेलं आहे. पुन्हा वेगळं मोजू नका. निफ्टी 50 फंडात हा आकडा पाहून न पाहिल्यासारखा करावा. अलीकडे भाव वेगाने वाढलेले शेअर निवडणाऱ्या मोमेंटम निर्देशांकाच्या फंडात मात्र जरूर पाहावा, कारण तिथे दर सहा महिन्यांनी मोठा भाग बदलतो आणि निर्देशांकाने मागे दाखवलेला परतावा त्या खर्चाशिवायचा असतो.

तर ताईच्या कागदावरचा खरा मुद्दा 0.30 आणि 0.93 यांतल्या अंतराचा होता. निर्देशांकाने 12 टक्के दिले असं धरू आणि फक्त एक्स्पेन्स रेशोतला 0.55 टक्क्यांचा फरक लक्षात घेऊ. पाच लाखांवर वीस वर्षांत हे अंतर चार लाखांच्या पुढे जातं. रेग्युलरमधला जास्तीचा खर्च मुख्यतः वितरकाचं कमिशन असतो. बाजार पडल्यावर कुणी हात धरून थांबवत असेल, वारसनोंदीपासून सगळं बघत असेल, तर त्याची किंमत द्यायला हरकत नाही. ताईच्या बाबतीत फॉर्म भरून घेतल्यापासून वितरकाचा फोन आलेला नव्हता.

तरी तिला सगळं एकदम डायरेक्टमध्ये हलवू नकोस असं सांगितलं. एकाच फंडात रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं हीसुद्धा विक्रीच धरली जाते. वर्षाच्या आतल्या युनिटांच्या नफ्यावर 20 टक्के कर आहे. त्याहून जुन्यांवर, शेअर आणि इक्विटी फंडांतला त्या वर्षाचा सगळा दीर्घकालीन नफा मिळून सव्वा लाखाच्या वर गेला, तर वरच्या रकमेवर 12.5 टक्के. तिची एसआयपी या महिन्यापासून डायरेक्टमध्ये सुरू झाली. जुनी युनिटं वर्ष पूर्ण झालेली तेवढीच, दर आर्थिक वर्षात नफा सव्वा लाखाच्या आत राहील अशा बेताने हलवायची आहेत. पहिला हप्ता मार्चच्या आत.