अळंबीचा डीएनए: चौथा शनिवार

जेलवर एकदाचे डीएनएचे बँड दिसले! रसायनं तीच होती, अळंबीही तीच, हात माझेच. बदललं ते फक्त वेळापत्रक, म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

वारुळांवर उगवलेल्या अळंबीचे आठ वाळवलेले नमुने माझ्याकडे आहेत. त्यांतून सीटॅब पद्धतीने डीएनए काढायचा, बुरशीची जात ओळखायला वापरतात तो आयटीएस हा तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवायचा आणि जेलवर बघायचा. क्लोरोफॉर्म लागतो म्हणून हे घरी करत नाही. मैत्रिणीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा शनिवारी वापरायला मिळते. पीसीआर मशीन मात्र एकच, आणि एम.एस्सी.ची मुलं वहीत आधीच नाव घालून ठेवतात.

पहिल्या शनिवारी मी नवाला सुरुवात केली आणि मशीन बारा ते दोन घेतलं. तीन तासांत डीएनए निघेल असा हिशेब होता. नमुने कुटायलाच पाऊण तास गेला. मग ६५ अंशांवर तासभर, क्लोरोफॉर्म, सेंट्रिफ्यूज, आयसोप्रोपेनॉल, पुन्हा सेंट्रिफ्यूज... पावणेबारा वाजले तेव्हा ट्यूबच्या तळाशी डीएनएचा गोळा अजून ओला होता. दहा मिनिटं वाळवायला हवा होता, मी दोन मिनिटांत उरकलं. राहिलेलं अल्कोहोल पीसीआरला नडतं, आणि डीएनए थेट जेलमध्ये भरायला गेलं तर नमुना खळग्यात न बसता वर तरंगतो. माझा तरंगला, तेव्हाच काय ते कळलं.

वर दोन वाजले तरी मशीन चालूच. पुढचा मुलगा दारात उभा. प्रोग्राम असा आहे, मधल्या तीन ओळी ३५ वेळा:

```
95 °C  5:00
95 °C  0:30
55 °C  0:30   x 35
72 °C  1:00
72 °C  7:00
12 °C  hold
```

बेरीज केली तर ८२ मिनिटं. पण ९५ वरून ५५, तिथून ७२, परत ९५, असे दर फेरीत ८० अंश चढउतार होतात. मशीन सेकंदाला साधारण दोन अंश बदलतं, म्हणजे फेरीमागे ४० सेकंद, आणि ३५ फेऱ्यांचे झाले २३ मिनिटं. शिवाय झाकण तापायला काही मिनिटं लागतात ती वेगळी. म्हणजे दोन तासांच्या नोंदीत मोकळीक जेमतेम पाच-दहा मिनिटांची, आणि मी सुरूच उशिरा केलं होतं.

मधल्या दोन शनिवारी मी नुसती पहाटे लवकर जाऊन बघितलं. दमछाक वाढली, निकाल तोच. शेवटी मैत्रीण म्हणाली, ‘अगं, मशीनच्या वेळेपासून मागे मोज. आणि कुठे थांबलं तर चालतं ते आधी बघ.’

तसं बघितलं तर दोनच जागा सापडल्या. आयसोप्रोपेनॉल घातलं की ट्यूब उणे वीसला रात्रभर राहू शकते. आणि पीसीआर संपल्यावर ट्यूब १२ अंशांवर निवांत बसते, जेलची घाई नाही. याउलट मास्टर मिक्स, म्हणजे पाणी, बफर, प्रायमर आणि एन्झाइमचं मिश्रण, तयार झालं की बर्फावर ठेवून लगेच मशीनमध्ये जायला हवं. प्रती बनवणारं साधं टॅक एन्झाइम बाहेर टेबलावर राहिलं तर प्रायमर, म्हणजे प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, एकमेकांनाच चिकटून नको ते वाढायला लागतं.

म्हणून या वेळी शुक्रवारी संध्याकाळी आयसोप्रोपेनॉलपर्यंत काम उरकलं आणि घरी गेले. रात्रभर गारठ्यात क्षारही खाली बसतात, त्यामुळे सकाळी ७० टक्के इथेनॉलने एकाऐवजी दोनदा धुतलं. (धुताना ट्यूबवरचे मार्करचे आकडे पुसले गेले. झाकणावर पेन्सिलीने लिहिलेली चिकटपट्टी होती म्हणून वाचले.) पंधरा मिनिटं शांतपणे वाळवलं. तळाचा गोळा काचेसारखा पारदर्शक होऊ लागला की थांबायचं, फार वाळला तर विरघळत नाही.

मशीन या वेळी अकरा ते दीड घेतलं. दहा वाजता डीएनए विरघळत ठेवला आणि त्याच वेळात आठ नमुने, डीएनए न घातलेली एक कोरी ट्यूब आणि एक जादा अशा दहा ट्यूबपुरतं पाणी, बफर आणि प्रायमर एकत्र केले. एन्झाइम मात्र पावणेअकराला, सगळ्यात शेवटी. डीएनए दहापट पातळ करून घातला, कारण अळंबीतली चिकट साखर पीसीआर अडवते. ११:०५ ला मशीन सुरू.

जेल पहिल्याच मिनिटाला ओतायची गरज नाही हेही आता कळलंय. जेवून आले, बाराला अर्धा ग्रॅम अगारोज ५० मिली बफरमध्ये उकळलं, हाताला सोसेल इतकं निवल्यावर ओतलं. मशीन थांबलं १२:५८ ला. तोवर जेल घट्ट होऊन बफरमध्ये बुडवून तयार होतं.

१०० व्होल्टवर ३५ मिनिटं. आठांपैकी सहा नमुन्यांत ७०० बेसजोड्यांच्या आसपास एकेक स्वच्छ बँड, कोऱ्या ट्यूबमध्ये काही नाही. न आलेले दोन्ही नमुने दोन वर्षांपूर्वीचे आहेत, घाईत वाळवलेले आणि आतून काळे पडलेले. त्यांचा डीएनए उरलेला आहे, तो पन्नासपट पातळ करून बघणार. पुढच्या शनिवारचे अकरा ते दीड वहीत लिहून आलेय.