सरांच्या तासाला सगळ्या बॅचेस

सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात भूगोलाच्या सरांवरची जी आठ मिनिटांची फिल्म दाखवली ना, तिची स्क्रिप्ट कशी झाली ते स्मरणिकेत लिही असं समितीतल्या दादांनी सांगितलं. मी २००१ ची दहावी, पुण्यात एडिटिंगचं काम करते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं, आणि सर गेल्यावर आपल्या हातून त्यांच्यासाठी काहीतरी व्हावं असं मनात होतंच, त्यामुळे लगेच हो म्हटलं.

सुरुवातीला सगळ्या बॅचेसच्या ग्रुपवर मेसेज टाकला की सरांबद्दल दोन शब्द लिहून पाठवा. भरभरून आलं. पण वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की सगळीकडे तेच, ज्ञानदानाचं पवित्र कार्य, शिस्तप्रिय पण प्रेमळ, आमच्या आयुष्याचे शिल्पकार वगैरे. मनापासूनच लिहिलेलं होतं सगळ्यांनी, त्यात खोटं काहीच नाही, पण नाव झाकलं तर ते कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही सरांबद्दल चाललं असतं, आणि आपले सर तर त्यात कुठे दिसतच नव्हते. शिवाय लिहिलेलं वाचून दाखवलं की माणूस भाषण करायला लागतो, आवाजच बदलतो त्याचा.

मग लिहून मागणं बंद केलं आणि एकेकाला फोन लावला. प्रश्न एकच ठेवला, सरांचा एखादा तास आठवून सांगा, तुम्ही कुठल्या बाकावर होतात, हातात काय होतं आणि सर काय करत होते. एवढं विचारलं की माणूस आधी थोडा वेळ गप्प बसतो आणि मग जे बोलतो ते थेट वर्गातलंच असतं. त्या बोलण्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली आणि स्क्रिप्ट त्यांचीच केली. मी पदरची एकही ओळ घातली नाही.

आता मापाचं सांगते, कारण पुढे कुणी असं काही करायला घेतलं तर उपयोगी पडेल. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. आठ मिनिटांत मधली शांतता, घंटेचा आवाज, नुसते फोटो यांना दीडएक मिनिट सोडायचं, म्हणजे बोलायला उरली साडेसहा मिनिटं. त्यात सात-आठ जणांपेक्षा जास्त आवाज घेतले की प्रत्येकाला नाव सांगण्यापुरताच वेळ मिळतो. म्हणून एकाला ८० ते ९० शब्द, पाऊण मिनिट. ज्यांचे आवाज घेता आले नाहीत त्यांना वाईट वाटलं हे मला माहीत आहे, पण ती रेकॉर्डिंग्ज टाकून दिलेली नाहीत, सगळी शाळेच्या कॉम्प्युटरवर पूर्ण ठेवली आहेत.

क्रम लावताना आधी सालाप्रमाणे लावून बघितलं, १९८४ पासून पुढे. कंटाळवाणं झालं, कारण प्रत्येक नवा आवाज आला की गोष्ट परत पहिल्यापासून सुरू व्हायची. सरांचा स्वभाव काय, आवाज कसा, अक्षर कसं, हे प्रत्येक जण आपापल्या परीने नव्याने सांगत होता. मग वाटलं की सरांचा एक तासच का करू नये, घंटा होते, सर नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन येतात, खिळ्याला नकाशा अडकवतात, शिकवतात, वही तपासतात, परत घंटा. तास एकच, पण दारातून आत येणारे सर १९८४ वाला सांगतोय, नकाशा लावणारे सर १९९७ ची ताई सांगतेय, खाली कोपऱ्यात फक्त साल येतंय. मग वेगवेगळ्या वर्षांची मुलं एकाच वर्गात बसल्यासारखी झाली. घंटा खरी आहे बरं का, आपल्याच शाळेची. शिपाईमामांनी रविवारी मुद्दाम येऊन वाजवून दिली.

आणि या क्रमामुळेच फिल्मचा गाभा सापडला. १९९४ च्या बॅचच्या एका दादाने किल्लारीच्या भूकंपाबद्दल सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्रीच विसर्जन झालेलं, आपल्या सोलापूर भागात सगळे घराबाहेर आले होते. शाळा परत भरली तेव्हा सर वर्गात आले ते नकाशा न घेताच. त्याची मूळ रेकॉर्डिंग चांगली लांबलचक होती, त्यात त्यांचं घर, शेजारी, मदतीला गेलेला ट्रक, शाळेने गोळा केलेलं धान्य, सगळं होतं, आणि सगळं ऐकण्यासारखं होतं. पण कापत कापत शेवटी एवढं ठेवलं:

दृश्य: भूगोलाच्या जुन्या वहीचं पान, पेन्सिलीची रेघ.
आवाज (१९९४): सर म्हणाले, वही काढा. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे मोठे भूकंप होत नाहीत, हे मी तुम्हाला शिकवलं. पुस्तकात तसंच होतं. त्या वाक्याखाली रेघ मारा. आम्ही पेन काढलं तर म्हणाले, पेन नको, पेन्सिल घ्या, अजून पुष्कळ कळायचंय. मी पहिल्यांदा बघितलं, एवढा मोठा माणूस वर्गासमोर म्हणतोय की मी शिकवलं ते पुरतं बरोबर नव्हतं.

हे ऐकल्यावर मला आपल्या वर्गाचा भारताचा नकाशा आठवला. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड ही तीन राज्यं झाली, शाळेत नवा नकाशा यायला वेळ लागणार होता, तर सरांनी जुन्याच नकाशावर पेपरमध्ये बघून पेन्सिलीने हद्दी आखल्या आणि छोट्या अक्षरात नावं लिहिली. तो नकाशा अजून प्रयोगशाळेच्या कपाटावर आहे, कापड मागून फाटलंय पण पेन्सिल दिसते. फिल्मसाठी मी त्याचा फोटो घेतला तेव्हा सरळ उजेडात रेघ दिसत नव्हती, मग खिडकीजवळ तिरपा धरला, म्हणजे कागदावर उमटलेला खळगा सावलीने दिसायला लागला. फिल्ममध्ये तो फोटो पुष्कळ वेळ ठेवलाय, वर कुणाचाच आवाज नाही.

मग २००७ च्या बॅचच्या मुलीला फोन केला तर ती आपणहून म्हणाली की सरांनी आमच्याकडून प्लूटो खोडून घेतला होता. ऑगस्ट २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, सर दुसऱ्या दिवशी पेपर घेऊनच वर्गात. नऊच्या जागी आठ लिहा म्हणाले, पेन्सिलीने. मी तिला किल्लारीचं काहीही सांगितलं नव्हतं. मधे १३ वर्षं आणि दोघांच्या हातात पेन्सिलच! हे तीन प्रसंग एकापाठोपाठ लावले, १९९४, मग नुसता नकाशा, मग २००७. कुणीही "सर प्रामाणिक होते" असं म्हटलेलं नाही फिल्ममध्ये, म्हणायची गरजच उरली नाही.

एका गोष्टीवर मात्र बरीच चर्चा झाली. १९८४ च्या काकांनी सांगितलं की नकाशात त्यांनी भीमा नदी पश्चिमेला अरबी समुद्रात नेली होती, आणि सरांनी हातावर दोन छड्या देऊन मग त्यांना फळ्यापाशी नेलं, सह्याद्रीपासून बोट धरून भीमा पंढरपूरवरून पुढे कर्नाटकात कृष्णेपर्यंत गिरवून घेतली. आणि २००७ ची मुलगी म्हणते सरांनी कधी आवाजही चढवला नाही. समितीतल्या काहींना छडी नको होती, श्रद्धांजलीत हे बरं दिसत नाही म्हणून. मला ते काढायचं नव्हतं, कारण छडी काढली तर त्या बोट धरून गिरवलेल्या नदीचंही काही उरत नाही, काकांना ती दोन्ही एकत्रच आठवतात. शेवटी सरांच्या घरी जाऊन काकूंना ऐकवलं. काकू म्हणाल्या, मारायचे की, नंतर सोडलं त्यांनी, राहू दे ते. मग दोन्ही आवाज ठेवले, आपापल्या सालासकट, मधे काही स्पष्टीकरण न देता. काकूंची परवानगी नसती तर मी ते नक्की काढलं असतं, गेलेल्या माणसाबद्दल शेवटचा शब्द घरच्यांचा.

रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त त्रास पंख्याने दिला. बोलताना आपल्याला ऐकू येत नाही, पण फोनमध्ये मागे सतत घरघर येते आणि हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर तीच आधी ऐकू येते. सगळ्यांना सांगितलं की पंखा बंद, खोलीत गादी किंवा कपड्यांचं कपाट असेल तिथे बसा, फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला धरा म्हणजे श्वास आपटत नाही. आणि व्हॉइस नोट नको, फोनच्या रेकॉर्डरवर करून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण व्हॉइस नोटमध्ये आवाज दाबला जातो. अमेरिकेतल्या एका दादाने तर गाडीत बसून रेकॉर्ड केलं, काचा बंद करून, आणि सगळ्यात स्वच्छ आवाज त्याचाच आला.

फोटोंचं विचाराल तर सरांचे फोटो फार कमी, ते नेहमी वर्गाच्या ग्रुप फोटोत मधल्या खुर्चीवर आणि चेहरा नखाएवढा. मोठा केला की नुसते ठिपके. म्हणून चेहऱ्याचा हट्ट सोडला आणि अक्षर दाखवलं, वह्यांवरच्या सह्या, प्रगतिपुस्तकातले शेरे. "नकाशा सुबक, नद्या तपासाव्यात" असा एक शेरा आहे, तो पडद्यावर आला तेव्हा हॉलमध्ये मागून कुणीतरी "माझा, माझा" म्हणून ओरडलं. प्रगतिपुस्तकं दाखवताना मार्क आणि नाव मात्र झाकले.

गाणं घातलं नाही याबद्दल काही जणांनी विचारलं. गाणं लागलं की लोक गाण्यावर रडतात, सर बाजूलाच राहतात, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय आपला हॉल पत्र्याचा, आवाज घुमतो, मागे संगीत असतं तर १९८४ च्या काकांचं एक अक्षर कळलं नसतं, त्यांचा आवाज आधीच थकलेला आहे.

शेवटचा आवाज कुणाचा, यावर फार विचार करावा लागला नाही. २०१४ साली सर रिटायर झालेले होते. जूनमध्ये तेलंगणा राज्य झालं आणि शाळा सुरू झाल्यावर सर ऑफिसात आले, नवीन बाईंना म्हणाले, तो नकाशा जरा खाली काढता का. ते सांगायला बाई स्वतः तयार झाल्या, त्याही आपल्याच शाळेच्या, १९९७ ची दहावी, नकाशा लावणारे सर सांगतात त्या ताई म्हणजे याच. त्यांचं बोलणं संपलं की घंटा होते आणि फिल्म संपते.

१९८८ ते १९९१ या बॅचेसचा एकही आवाज आपल्याकडे नाही, कुणाचे नंबरच मिळाले नाहीत. त्या वर्षांपैकी कुणी हे वाचत असेल तर ऑफिसात कळवा, रेकॉर्डिंग मी फोनवरून करून घेईन. आणि कुणाच्या घरी सरांच्या अक्षरातली वही, शेरा, पत्र, काहीही असेल तर तेही द्या, फोटो काढून मूळ कागद तुमचा तुम्हाला परत मिळेल.