अंटार्क्टिकाहून गिरगावात आलेलं पोस्टकार्ड

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला, म्हणाले अगं तुझं कार्ड आलंय, पण हे ब्रिटिशांचं कधी झालं? मी जानेवारीत अंटार्क्टिकाला गेले होते तेव्हा पोर्ट लॉकरॉयच्या पोस्टातून त्यांना एक पोस्टकार्ड टाकलं होतं, ते फॉकलंड, मग ब्रिटन असं फिरत फिरत अडीच महिन्यांनी गिरगावातल्या चाळीत पोचलं, आणि त्यावरच्या तिकिटावर छापलेलं होतं 'ब्रिटिश अंटार्क्टिक टेरिटरी'. काका बँकेतून रिटायर झालेत आणि पन्नासेक वर्षं तिकिटं जमवतायत, त्यांचा अल्बम देशवार लावलेला असतो, त्यामुळे प्रश्न साधा होता, हे कार्ड कुठल्या पानावर लावायचं? फोनवर नीट सांगता येईना म्हणून इथे सविस्तर लिहितेय, प्रवासाचं वर्णनही होऊन जाईल.

मुंबईहून अदिस अबाबा, साओ पावलो, ब्यूनॉस आयर्स आणि मग अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं शहर उशुआइया. नुसत्या विमानांतच दोन दिवस गेले. उशुआइयाच्या हॉटेलात भिंतीवर अर्जेंटिनाचा नकाशा होता आणि त्यात खाली अंटार्क्टिकाचा एक मोठा त्रिकोण अर्जेंटिनाच्याच रंगात रंगवलेला. मला वाटलं हॉटेलवाल्याची हौस असेल, पण तिथल्या शाळांतसुद्धा असाच नकाशा लावावा असा कायदाच आहे, आणि ते शहर ज्या प्रांतात आहे त्या प्रांताच्या अधिकृत नावातच 'अंटार्क्टिका' शब्द आहे. तिथून जहाजाने ड्रेक पॅसेज ओलांडायला दोन दिवस लागले (ते दोन दिवस मी आडवीच होते, त्याबद्दल जास्त लिहीत नाही) आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पहिले हिमनग दिसले, ते बघताना मला रडू आलं, खरंच.

आम्ही गेलो तो भाग म्हणजे अंटार्क्टिक पेनिन्सुला, दक्षिण अमेरिकेच्या दिशेने वर आलेलं शेपूट. या शेपटावर तीन देशांचा दावा आहे, ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली, आणि तिघांचे त्रिकोण एकमेकांवर चढलेत. पश्चिम रेखांश 53 ते 74 या पट्ट्यात तिन्ही दावे एकाच जमिनीवर आहेत, आणि पोर्ट लॉकरॉय बरोबर त्याच पट्ट्यात येतं. म्हणजे मी जिथे उभी राहून काकांचा पत्ता लिहीत होते ती जागा ब्रिटनच्या नकाशात ब्रिटनची, अर्जेंटिनाच्या नकाशात अर्जेंटिनाची आणि चिलीच्या नकाशात चिलीची, आणि तिथे उतरताना व्हिसा मात्र कोणीच मागितला नाही.

हे पोस्ट ऑफिससुद्धा तिथे उगाच उघडलेलं नाही. 1944 मध्ये, महायुद्ध चालू असताना, ब्रिटनने 'ऑपरेशन टॅबरिन' नावाची गुप्त मोहीम काढून इथे तळ बांधला आणि लगेच पोस्ट सुरू केलं, कारण टपाल चालवणं म्हणजे राज्य चालवणं, उद्या कोर्टात दाखवायला पुरावा. अर्जेंटिनाने तर साउथ ऑर्कनी बेटांवर 1904 पासूनच हे केलेलं. पुढे प्रकरण इतकं तापलं की 1952 मध्ये होप बे इथे उतरणाऱ्या ब्रिटिशांच्या डोक्यांवरून अर्जेंटिनाच्या माणसांनी मशीनगन चालवली, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी डिसेप्शन बेटावरच्या अर्जेंटिनाच्या आणि चिलीच्या झोपड्या उखडून टाकल्या. ब्रिटनने 1955 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोघांवर केस टाकली, पण त्या दोघांनी कोर्टाचा अधिकारच मानला नाही, त्यामुळे ती तिथेच संपली.

मग 1 डिसेंबर 1959 ला बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये अंटार्क्टिक करार केला, 1961 मध्ये तो लागू झाला, आणि त्यातलं कलम 4 हे सगळ्याच्या मुळाशी आहे. काकांना मी ते आमच्या कोकणातल्या जमिनीवरून समजावलं. आमच्या वाडीतल्या सामायिक जमिनीचा वाद त्यांना पाठ आहे, एका चुलतभावाने तिथे कलमं लावली, कुंपण घातलं, आणि बारा वर्षं कोणी हटकलं नाही की कब्जा माझा म्हणून दावा सांगायचा त्याचा बेत होता. कोर्टाने 'जैसे थे' दिलं. कलम 4 हे तसंच 'जैसे थे' आहे, पण एक पाऊल पुढे जातं. ते म्हणतं की सही करून कोणी आपला जुना दावा सोडलेला नाही, आणि दुसऱ्याचा दावा मान्यही केलेला नाही, नवा दावा करायचा नाही, जुना वाढवायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करार चालू असताना तिथे तुम्ही काहीही करा, त्याच्या जोरावर दावा सिद्धही होणार नाही आणि दुसऱ्याचा खोटाही ठरणार नाही. म्हणजे कलमं लावा, कुंपण घाला, बारा काय साठ वर्षं राहा, कब्ज्याचा हिशोब होणारच नाही.

तरी लोक कलमं लावतातच. 1978 मध्ये एस्पेरान्सा तळावर अर्जेंटिनाचं एक बाळ जन्माला आलं, चिलीने तर बायकामुलांसकट राहायला गाव वसवलं. कायद्याच्या वहीत याची नोंद शून्य. 'गोठवलेले दावे' हा शब्द ऐकून मला आधी वाटायचं की दावे संपले, पण तसं नाहीये, ते आत जिवंतच आहेत. म्हणून तर तिकिटावर अजून 'टेरिटरी' छापतात.

आपलंही बघा. मैत्री हे आपलं स्टेशन नॉर्वे ज्याला आपला भाग म्हणतं त्या क्वीन मॉड लँडमध्ये आहे आणि भारती हे ऑस्ट्रेलियाच्या दाव्याच्या हद्दीत, आणि भारताने ती बांधताना त्यांची जमीनमालक म्हणून परवानगी काढलेली नाही, कारण भारत कोणाचाच दावा मानत नाही आणि स्वतःचाही करत नाही. काका एकदम खूश झाले ते पुढच्या गोष्टीवर, की एप्रिल 2024 मध्ये आपल्या टपाल खात्याच्या महाराष्ट्र सर्कलने भारती स्टेशनवर पोस्ट उघडलं आणि त्याचा पिनकोड आहे MH-1718. ऑस्ट्रेलिया ज्या जमिनीला आपली म्हणतं तिथे महाराष्ट्र सर्कलचा पिनकोड!

आता प्रश्न असा की जमिनीला मान्य मालकच नाही तर नियम कोणाचे चालतात? हे मला जहाजावर कळलं. उतरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून जॅकेटचे खिसे, बॅगांच्या शिवणी आणि वेलक्रो व्हॅक्युम क्लीनरने साफ करायला लावलं, माझ्या जुन्या सॅकच्या वेलक्रोत गवताची दोन कुसळं निघाली, राजमाचीच्या ट्रेकची असावीत. गाईड बाईंनी ती चिमट्याने काढून डबीत टाकली आणि सांगितलं की एक साधं परदेशी गवत याच पद्धतीने किंग जॉर्ज बेटावर शिरलं आणि ते उपटण्यात किती वर्षं गेली. मग प्रत्येक उतरण्याच्या आधी आणि नंतर बूट जंतुनाशकात बुडवायचे, पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, बर्ड फ्लूमुळे जमिनीवर बसायचं नाही, बॅगसुद्धा टेकवायची नाही, आणि किनाऱ्यावर एका वेळी जास्तीत जास्त शंभर माणसं, त्यामुळे आमच्या जहाजातले लोक पाळीपाळीने उतरले. पोर्ट लॉकरॉयच्या बेटाचा एक भाग पाहुण्यांना पूर्ण बंद आहे, म्हणजे माणसं येतात तिथले आणि येत नाहीत तिथले पेंग्विन मोजून तुलना करता येते.

हे नियम जमिनीतून येत नाहीत, माणसाबरोबर येतात. 1991 च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे अंटार्क्टिक कराराला जोडलेल्या पर्यावरणाच्या नियमांनी, प्रत्येक सदस्य देशावर जबाबदारी टाकली की तुमचे लोक जे काही करणार त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासा. आमच्या कंपनीने तो अभ्यास एका युरोपियन देशाला सादर करून परमिट घेतलं होतं. आपल्याकडे 2022 मध्ये भारतीय अंटार्क्टिक कायदा आला, त्यात अशी परवानगी दुसऱ्या सदस्य देशाची असेल तरी चालते. याच प्रोटोकॉलने खाणकाम बंद केलं, आणि तिथले स्लेज ओढणारे कुत्रेसुद्धा 1 एप्रिल 1994 पर्यंत परत पाठवायला लावले, कारण त्यांचे रोग सीलना लागू शकतात.

पण एक भोक राहिलंय आणि ते मला फार खुपतं. परतीच्या वाटेवर आमचं जहाज अँव्हर्स बेटाजवळून गेलं. तिथे अमेरिकेच्या पामर स्टेशनजवळ 28 जानेवारी 1989 ला अर्जेंटिनाच्या नौदलाचं 'बाहिया पाराइसो' हे जहाज खडकावर आदळलं, त्यात पर्यटकही होते. माणसं सगळी वाचली पण सुमारे सहा लाख लिटर इंधन समुद्रात गेलं. किनाऱ्यावरचे शंख मेले, स्कुआ पक्ष्यांची पिल्लं त्या हंगामात जवळपास सगळी गेली, ती तेलानेच गेली का यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. टाक्यांत उरलेलं इंधन अर्जेंटिना आणि नेदरलँड्सने मिळून काढलं, पण तेही थेट 1992-93 च्या सुमारास, आणि जहाजाचा सांगाडा अजून तिथेच आहे. मुंबईच्या समुद्रात असं झालं तर निदान कोणावर केस करायची ते माहीत असतं. तिथे किनारा कोणाचा हेच ठरलेलं नाही, मग भरपाई मागणार कोण, आणि कुठल्या कोर्टात?

यावर उपाय म्हणून 2005 मध्ये प्रोटोकॉलला सहावं परिशिष्ट जोडलं, की अपघात करणाऱ्याने लगेच साफसफाई करायची, नाही केली तर दुसरा जो करेल त्याचा खर्च भरायचा. मांडणी हुशारीची आहे, कारण त्यात नुकसान मालकाला द्यायचंच नाहीये, खर्च करणाऱ्याला द्यायचंय, म्हणजे मालकीचा प्रश्नच येत नाही. पण ते लागू व्हायला तेव्हाच्या सगळ्या 28 सल्लागार देशांची, म्हणजे करारात निर्णयाचा हक्क असलेल्या देशांची, मंजुरी लागते आणि वीस वर्षं झाली तरी ती पूर्ण झालेली नाही, आणि दरम्यान पर्यटकांची जहाजं वाढतच चाललीयत, त्यातल्याच एकावर मी होते.

काकांनी कार्ड अजून कुठल्याच पानावर लावलेलं नाही, देवघराच्या बाजूला उभं करून ठेवलंय. म्हणतात आधी भारतीचा शिक्का मारलेलं एखादं पाकीट मिळवूया, मग दोन्ही समोरासमोर लावतो. शनिवारी आम्ही दोघं फोर्टला जीपीओत जाणार आहोत, तिथल्या फिलाटेली ब्यूरोत चौकशी करायला.