1.15 चं भूत: दोरा, मोबाईल आणि तीन फॉल्ट

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की सर्व्हिसचा प्रश्न मिटला. कसला मिटतोय! रविवारी बॅडमिंटन डबल्सच्या पहिल्याच मॅचमध्ये सर्व्हिस जजने तीनदा उंचीचा फॉल्ट दिला, म्हणजे रॅकेट लागताना शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली नव्हतं. तीन पॉइंट फुकट. पार्टनर काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

डोकं फिरलं ते यासाठी की घरच्या व्हिडिओत माझी प्रत्येक सर्व्हिस दोऱ्याखाली होती. तुम्हाला आठवत असेल, जमिनीपासून 1.15 मीटरवर दोरा ताणला होता आणि पलीकडून सर्व्हिस करत होतो. काल रात्री टेप घेऊन बसलो तेव्हा घोळ सापडला. मोबाईलची लेन्स 1.05 वर होती. दोरा मोबाईलपासून एक मीटर, मी दोन मीटर. म्हणजे लेन्समधून दोऱ्याला चाटून जाणारी नजर माझ्यापर्यंत पोचेस्तोवर 1.25 वर गेलेली. दहा सेंटीमीटरची सूट मी स्वतःच स्वतःला देत होतो!

सर्व्हिस जजच्या पुढ्यातल्या यंत्रात दोन पारदर्शक पट्ट्या आणि दोन रेघा का असतात, ते आता कळलं. दोन्ही रेघा एकावर एक दिसल्या की डोळा बरोबर उंचीवर. मी तसंच ॲक्रिलिक कापून आणणार होतो, पण दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून दुसरा दोरा बांधला. दोन्ही दोरे आणि लेन्स एका पातळीत आणायला गवंड्याकडची पाण्याची नळी मागून आणली. याच्यापुढे मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप म्हणजे खेळणं.

आता खरं चित्र दिसलं. कॉर्क 1.12 वर, ठीक. पण नियम अख्ख्या शटलचा आहे, आणि मी पिसं वर करून धरत असल्याने त्यांची टोकं 1.17 ला. शटल जवळजवळ आडवं धरलं तर टोकं 1.14 वर आली. ते एक सेंटीमीटर बघून मी हॉलमध्ये एकटाच ओरडलो.

(क्लबातले काका अजून “रॅकेटचा दांडा खाली ठेव” म्हणतात. ती अट शटल बरगडीच्या खाली मारायच्या जुन्या नियमासोबतची. 1.15 च्या नियमात, म्हणजे 2018 पासून, दांड्याची दिशा बघत नाहीत.)

एक सेंटीमीटरवर मॅच खेळवत नाही, म्हणून गुडघे वाकवून अजून खाली जायला गेलो, तर मागचा पाय घसटू लागला. टाच उचललेली चालते, पण सर्व्हिस सुरू झाल्यापासून शटलला रॅकेट लागेपर्यंत दोन्ही पायांचा काही भाग जागेवर टेकलेलाच हवा. घसटलं की तोही फॉल्ट. म्हणजे एक भोक बुजवलं, दुसरं पडलं.

वाकण्याऐवजी आधीच पाय फाकवून उभं राहावं असं लिहितालिहिताच सुचतंय. उद्या पन्नास सर्व्हिस तशाच. आणि पार्टनरलाही कॅमेऱ्यात घ्यायचाय: समोरच्याने सर्व्हिस मारण्याआधीच हा पठ्ठ्या पुढे पाऊल टाकतो. रविवारी त्यालाही एक फॉल्ट मिळाला, फक्त माझ्या तिनांपुढे कुणी मोजला नाही.